परतल्यावरचं परकेपण

परदेशी निघालेल्या माणसाला सगळे सावध करतात. तिथली थंडी, भाषा, एकटेपणा, सगळ्याची आधीच भीती घालून पाठवतात. परत येणाऱ्याला कुणी काही सांगत नाही. घरीच तर यायचंय, त्यात सांगायचं काय?

म्हणूनच परतीचा धक्का जास्त लागतो. आल्फ्रेड शुट्झ या समाजशास्त्रज्ञाने हे 1945 मध्येच लिहून ठेवलंय. मूळचा व्हिएन्नाचा हा माणूस, नाझींमुळे देश सोडून न्यूयॉर्कला पोचलेला. परक्या गावात येणाऱ्या नवख्या माणसावर त्याने आधी एक निबंध लिहिला, आणि पुढच्याच वर्षी घरी परतणाऱ्यावर दुसरा. तेव्हा युद्धावरून सैनिक घरी येत होते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नवख्याला पुढे काय आहे याची कल्पना नसते, आणि ती नाही हे त्याला माहीत असतं. परतणाऱ्याला मात्र वाटतं की आपल्याला सगळं ठाऊक आहे, फक्त आठवायचा अवकाश. आठवतं सगळं, पण आठवतं ते आपण निघालो त्या दिवसापर्यंतचं.

मला सगळ्यात जास्त जाणवली ती एक सवलत गेल्याची. तिकडे मी परकी होते. एखादा विनोद कळला नाही, एखादी रीत चुकली, तर लोक समजून घेत. इथे माझा चेहरा, नाव, उच्चार सगळं इथलं, त्यामुळे चुकायला जागाच नाही. एखाद्या कचेरीत अर्ज कुठे द्यायचा हे विचारलं, तर समोरचा असा बघतो की मी त्याची थट्टा करतेय. वर आणखी एक: तिकडे मी ‘अमुक देशाची’ होते, तेवढ्याने माझी ओळख पूर्ण व्हायची, थोडी मिरवताही यायची. इथे सगळेच अमुक देशाचे.

मग तुलना सुरू होते. ‘तिकडे ना...’ असं वाक्य सुरू केलं की समोरच्याचे डोळे लगेच विझतात. आपण फुशारकी मारत नसतो, जगलेली वर्षं सांगत असतो. ऐकणाऱ्याला मात्र त्यात आपल्या आयुष्यावरची टीका ऐकू येते. खरं सांगायचं तर कधीकधी ती असतेही. माझ्यासारख्या परत आलेल्या बऱ्याच जणी भेटल्या. कुणाला घरची माणसं फार चौकशा करतात असं वाटतं, कुणाला ती काहीच विचारत नाहीत याचं वाईट वाटतं. तक्रारी अगदी उलट, चिडचिड एकच.

पण या सगळ्याची सवय होते. होत नाही ती दुसऱ्या एका गोष्टीची. आपण नसताना घर चालत राहिलेलं असतं, आणि आपल्याला लागू नये म्हणून त्यातलं बरंच काही लपवलेलं असतं. आई आजारी पडली होती, पार दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, हे मला परतल्यावर कुणाच्या तरी बोलण्याच्या ओघात कळलं. ‘तू एवढ्या लांब, उगाच जिवाला घोर कशाला?’ हे ताईचं उत्तर. तिचं बरोबर होतं. तरी त्या दिवसापासून घरातल्या साध्या गप्पांतही मला गाळलेल्या जागा दिसू लागल्या. भाच्याच्या एखाद्या शब्दावर सगळे हसतात, आणि त्यामागची गोष्ट मला नव्याने समजावून सांगावी लागते. समजावलेल्या विनोदावर कोण हसतं?

अभ्यासकांनी या चढउतारांचे आलेख काढले आहेत. 1955 मध्ये लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या, फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळालेल्या अभ्यासकांवरून परदेशात रुळण्याचा एक वक्र मांडला: आधी हुरूप, मग खोल दरी, मग पुन्हा चढ. 1963 मध्ये गुलाहॉर्न पतिपत्नींनी त्याला परतल्यानंतरची दुसरी दरी जोडली. ही दुसरी दरी वाचून मला फार बरं वाटलं होतं, म्हणजे हे आपल्या एकटीचं खूळ नाही! पण आलेखावर विसंबण्यात अर्थ नाही. माझी दरी काही सलग आली नाही. एखादा महिना निवांत जातो आणि मग विमानतळावरच्या कुठल्याशा उद्घोषणेने दिवसभर करमत नाही.

सध्या मी ताईला ती गाळलेली वर्षं विचारून घेतेय. आईपाशी रात्री कोण जागलं, पैशाची सोय कशी झाली, कुणाशी का अबोला धरला गेला. ती सांगते, पण तुकड्यातुकड्याने, आणि मध्येच थांबून मलाच विचारते, ‘तू परत जाणार तर नाहीस ना?’ मी म्हणते, माहीत नाही. हे उत्तर ती धरत नाही. दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न.