परिचयपत्र: गणेश अंकुश वाघमोडे, क्षेत्रीय विक्री अधिकारी (ग्राहकोपयोगी वस्तू)

मुक्काम: पंढरपूर, जिल्हा सोलापूर
अर्ज केलेले पद: वरिष्ठ विक्री अधिकारी, सोलापूर–सांगली विभाग
अनुभव: बारा वर्षांहून अधिक
संपर्क: मोबाइल क्रमांक व ईमेल सोबतच्या अर्जपत्रावर दिले आहेत.

थोडक्यात ओळख

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा, माळशिरस, माढा आणि करमाळा या सहा तालुक्यांत मी बिस्किटे व नमकीन यांची विक्री पाहतो. आज माझ्याकडे ११ वितरक, १३ सेल्समन, ७८ बीट आणि २,६४० नोंदणीकृत दुकाने असून त्यांपैकी सरासरी २,०१० दुकानांत दरमहा किमान एक बिल होते. वितरकाच्या गोदामात उतरलेला माल म्हणजे विक्री नव्हे. तो दुकानातून उठला आणि त्याचे पैसे वेळेत परत आले, तरच ती विक्री, असे मी मानतो. म्हणून पुढील सर्व विक्रीचे आकडे सेकंडरी विक्रीचे, म्हणजे वितरकाकडून दुकानात गेलेल्या मालाचे आहेत.

सध्याची नोकरी: विक्री अधिकारी, बिस्किटे व नमकीन उत्पादक कंपनी (ऑगस्ट २०२१ पासून)

कंपनी राष्ट्रीय पातळीवरची आहे. मी अद्याप तेथे कार्यरत असल्याने तिचे नाव मुलाखतीच्या वेळी सांगेन.

*वितरक.* मी विभाग हाती घेतला तेव्हा ८ वितरक होते. त्यांपैकी एकाची एजन्सी बंद करावी लागली आणि ४ नवे वितरक नेमले. नेमणुकीपूर्वी प्रत्येकाचे गोदाम, डिलिव्हरीची गाडी, खेळते भांडवल आणि बाजारातील त्याची पत मी स्वतः पाहिली. करमाळ्याची जागा योग्य माणूस मिळेपर्यंत चार महिने रिकामी ठेवली आणि तेवढे दिवस कुर्डुवाडीच्या वितरकाकडून तिथली दुकाने चालवली, कारण घाईने नेमलेला वितरक वर्षभरात सोडून गेला तर बाजारातील कंपनीचा शब्द जातो. वितरकाला त्याच्या गुंतवणुकीवर काय परतावा मिळतो, याचा हिशेब मी दर तिमाहीला त्याच्यासमोर बसून करतो.

*दुकानांचा विस्तार.* सुरुवातीला यादीत १,१८० दुकाने होती आणि दरमहा ७४० दुकानांत बिल होत असे. त्या वेळी ३८ टक्के विक्री मोजक्या होलसेल व्यापाऱ्यांच्या भरवशावर चालत होती. आज हे प्रमाण २१ टक्के आहे. तालुक्याच्या गावाबाहेर पडून ६१ गावांवरून १४८ गावांपर्यंत नियमित बीट नेले, त्यामुळे किराणा दुकानांबरोबर चहाच्या टपऱ्या, बेकऱ्या आणि एसटी स्थानकाजवळची दुकानेही जोडली गेली. प्रति दुकान मासिक विक्रीची सरासरी या काळात सुमारे ५,५४० रुपयांवरून ३,४७० रुपयांवर आली, हे मी मुद्दाम नमूद करतो: होलसेलचा वाटा कमी झाला आणि नवी दुकाने खेड्यातील लहान दुकाने आहेत. एकूण वाढ मुख्यतः या रुंदावलेल्या पायावर उभी असल्यामुळे एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याने हात आखडता घेतला तरी महिना कोसळत नाही.

*वाढ.* मासिक सरासरी विक्री २०२१-२२ मध्ये (ऑगस्टपासून) ४१ लाख रुपये होती. ती २०२२-२३ मध्ये ४८.४ लाख, २०२३-२४ मध्ये ५६.१ लाख, २०२४-२५ मध्ये ६१.२ लाख आणि २०२५-२६ मध्ये ६९.८ लाख झाली. यांपैकी २०२४-२५ मध्ये १४ टक्क्यांचे उद्दिष्ट असताना वाढ ९ टक्केच राहिली. सांगोल्याच्या वितरकाने व्यवसाय बदलल्याने तेथील पुरवठा अडीच महिने विस्कळीत झाला होता आणि पर्यायी वितरक आधीच हेरून न ठेवणे ही माझी चूक होती. तेव्हापासून प्रत्येक तालुक्यासाठी दोन इच्छुकांची नावे मी तयार ठेवतो.

या विभागात आषाढी वारीचे नियोजन हे स्वतंत्र काम आहे. माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव या मार्गाने आणि तुकोबांची पालखी अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली या मार्गाने वाखरीकडे येते. त्या दिवसांत जड वाहतूक वळवली जात असल्याने माल वेळेवर पोहोचण्याची खात्री नसते. म्हणून एकादशीच्या बारा दिवस आधी पाच व दहा रुपयांच्या पुड्यांचा साठा मार्गावरील वितरकांकडे उतरवून घेतो आणि पंढरपुरात तात्पुरते गोदाम भाड्याने घेतो. ६ जुलै २०२५ च्या आषाढीला पंढरपूर शहराची विक्री नेहमीच्या महिन्याच्या २.३ पट झाली आणि वारीनंतर परत आलेला माल नगण्य होता.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी बिस्किटांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणि पाकीटबंद नमकीनवरील १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दर उतरणार हे कळताच वितरकांनी खरेदी थांबवली होती. मी त्यांचा साठा १९ दिवसांवरून ११ दिवसांवर आणला, २१ तारखेच्या रात्री अकराही गोदामांतील साठ्याची मोजणी पूर्ण करून घेतली आणि फरकाचे सर्व क्लेम नोव्हेंबरअखेर मंजूर करून दिले.

*वसुली.* पदभार घेताना वितरकांकडे ३० दिवसांपेक्षा जुनी ११ लाख २० हजार रुपयांची थकबाकी होती. मार्च २०२३ पर्यंत त्यांतील १० लाख ८० हजार वसूल केले. उरलेले ४० हजार कंपनीने बुडीत खाती टाकले. बंद केलेल्या एजन्सीकडील २ लाख ७५ हजारांसाठी चांगल्या स्थितीतील माल परत घेतला आणि बाकी रक्कम पाच हप्त्यांत भरून घेतली, त्यामुळे वाद न्यायालयात गेला नाही. एप्रिल २०२३ पासून सात दिवसांच्या मुदतीवर मासिक वसुली सरासरी ९८.५ टक्के असून वर्षाला ९ चेक परत येत, ते प्रमाण आता एकावर आले आहे.

वितरक पैसे अडवून धरतो, तेव्हा बहुधा त्याचेच पैसे कंपनीकडे क्लेममध्ये अडकलेले असतात, हे माझ्या लक्षात आले. म्हणून स्कीम व खराब मालाचे क्लेम मिटण्याचा काळ ९० दिवसांवरून ३० दिवसांवर आणला. बाजारातील उधारीसाठी मागचे बिल मिटल्याशिवाय पुढचे बिल नाही, हा नियम सेल्समनच्या ॲपमध्येच लावून घेतला आणि उधारीचे दिवस २४ वरून ११ झाले. मुदतबाह्य व खराब मालाचे प्रमाण १.९ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

पूर्वीचा अनुभव

नोव्हेंबर २०१६ ते जुलै २०२१ या काळात मी साबण व धुलाई पावडर उत्पादक कंपनीत विक्री प्रतिनिधी म्हणून लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत ५ वितरक व ६४० दुकाने सांभाळली. नोटाबंदीच्या महिन्यांतील रोखटंचाई, जुलै २०१७ मधील जीएसटीची सुरुवात आणि २०२० ची टाळेबंदी या तिन्ही काळांत पाचही वितरक टिकवून ठेवले.

त्याआधी जुलै २०१३ पासून बार्शी येथे एका वितरकाकडे सेल्समन होतो. सहा बीट आणि २४० दुकाने माझ्याकडे होती. ऑर्डर, डिलिव्हरी आणि उधारी वसूल करणे ही तिन्ही कामे मीच करत असे.

शिक्षण व इतर माहिती

सोलापूर विद्यापीठातून (आताचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ) २०१३ मध्ये बी.कॉम. पदवी द्वितीय श्रेणीत प्राप्त केली. जन्मवर्ष १९९२. मराठी, हिंदी आणि बोलण्यापुरती कन्नड येते. इंग्रजी पत्रव्यवहार करू शकतो. एक्सेल आणि वितरक व्यवस्थापन प्रणालीचा रोज वापर करतो. स्वतःची मोटारसायकल व वाहन परवाना असून मुक्कामी दौऱ्याची तयारी आहे. राजीनाम्यानंतर ३० दिवसांत रुजू होऊ शकेन. गेल्या तीन वर्षांची वितरकनिहाय विक्री व वसुलीची विवरणे, कंपनीची गोपनीयता राखून, मुलाखतीच्या वेळी दाखवीन.

वर दिलेली माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.

पंढरपूर, १३ एप्रिल २०२६
गणेश अंकुश वाघमोडे