लग्नाच्या जेवणाचे पैसे: तीन लिंक, तीन टप्पे

लग्नाच्या जेवणाचं काम घेतलंत, तर तारीख ठरली की त्याच दिवशी यजमानांना बिलाची, पैसे भरायची पहिली लिंक पाठवा. समजा ४०० पानं, दर ४५० रुपये, एकूण १,८०,०००. त्यातले ४५,००० बयाणा. बिलावर कार्यालय, तारीख, मेनू लिहाच. लिंकची मुदत तीन दिवस. तोवर पैसे आले नाहीत तर तारीख अडवून ठेवू नका.

दुसरी लिंक दहा दिवस आधी, ९०,००० ची. किराणा याच पैशांतून भरायचा, म्हणून इथे भीड नको. यूपीआयची रोजची मर्यादा साधारण एक लाख असते, रक्कम त्याच्या आतच बरी.

शेवटची लिंक मोजलेल्या पानांवर. ४२० पानं उठली तर ४५,००० अधिक ९,०००. मोजणीच्या कागदावर यजमानांची सही घ्या, त्याचा फोटो बिलाला जोडा आणि भांडी टेम्पोत चढायच्या आत लिंक पाठवा.