पडून असलेल्या मालाचा अहवाल, 31 ऑक्टोबर 2025

दुकान व गोडाऊन, सीताबर्डी, नागपूर

भाऊ, दिवाळीची विक्री आटोपल्यावर मोजणी केली. एकूण माल खरेदी भावाने 14,20,000 रुपयांचा आहे. शेवटच्या विक्रीला 90 दिवस उलटले तर मंद आणि 180 उलटले तर डेड धरलं. एकदाही विकला नसेल तर आवकेच्या तारखेपासून मोजलं. H1 मध्ये अहवालाची तारीख, C मध्ये आवक, D मध्ये शेवटची विक्री, E मध्ये नग आणि F मध्ये खरेदी भाव आहे:

```
=$H$1-IF(D2="",C2,D2)
=E2*F2
```

| माल | नग | दिवस | किंमत (रु.) |
|---|---|---|---|
| सीएफएल बल्ब | 160 | 300 | 13,600 |
| इमर्शन रॉड | 48 | 271 | 14,880 |
| मिक्सर, जुनं मॉडेल | 14 | 233 | 30,100 |
| लोखंडी कूलर | 22 | 139 | 1,40,800 |
| कूलर पंप | 75 | 123 | 14,250 |
| इंडक्शन शेगडी | 9 | 103 | 16,020 |

डेड 58,580, मंद 1,71,070, मिळून 2,29,650 रुपये. म्हणजे एकूण मालाच्या 16 टक्के.

पण हा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. नागपुरात जूननंतर कूलर कोण घेतो? कूलर, पंप आणि रॉड हे हंगामी आहेत, त्यांचे 1,69,930 बाजूला काढले. रॉड तर डेडच्या यादीत असूनही या आठवड्यात पुढे मांडायला हवेत, थंडी तोंडावर आहे. कूलरची मला काळजी आहे ती वेगळी: गोडाऊनच्या मागच्या भिंतीला ओल आहे, खालच्या चार बॉडींना गंज धरायला लागलाय. ते आधी लाकडी फळ्यांवर उचलून ठेवा.

उलट सँडविच मेकर यादीत नाहीत, कारण 18 ऑक्टोबरला एक विकला गेला आणि दिवस 13 दिसतात. वर्षभरातली ती एकच विक्री. 26 नग उरलेत, 29,900 रुपये. म्हणून पुढच्या महिन्यापासून वर्षात किती नग गेले हा रकानाही जोडतो.

खरा अडकलेला पैसा 89,620: सीएफएल, मिक्सर, शेगडी आणि सँडविच मेकर.

सीएफएलला आता मागणी येणार नाही, लोक एलईडीच मागतात. पण ते फेकून देऊ नका, गिऱ्हाइकाला फुकटही देऊ नका. दोन्हींत जीएसटीचं घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. कमी भावात का होईना, बिल करून विका. मी ते 40 रुपयांना काढावेत म्हणतो.

मिक्सरसाठी आधी डिस्ट्रिब्युटरला विचारा, बदलून देतो का. नाही म्हणाला तर 1,800 ला सोडा. नगामागे 350 जातील, पण उरलेले 25,200 रुपये फेब्रुवारीत कूलरच्या ताट्या भरायला हाती येतील. शेगडी आणखी एक महिना पाहू. सँडविच मेकरची नवी ऑर्डर मी थांबवली आहे.