वरुड-मोर्शी पट्टा : वावर, प्लॉट, घर – आजचे दर, आजची स्थिती

मालकाने दर हलवला किंवा इसार झाला की आमच्या नोंदीत तो आकडा बदलतो आणि इथली पोस्ट आपोआप ताजी होते. कारण मात्र आम्ही हाताने लिहितो. जुना स्क्रीनशॉट दाखवून भाव करू नका, भाऊ. वरची तारीख बघा.

संत्रा बाग, जरूड शिवार – दर कमी झाला
ताजी नोंद : 6 नोव्हेंबर, सकाळी 9.10
3 एकर 20 गुंठे. आधी एकरी 18 लाख, आता 17 लाख. एकूण 59 लाख 50 हजार.
कारण : झाडावरचा आंबिया बहार मालकाने व्यापाऱ्याला देऊन टाकला. तोड संपेपर्यंत फळ व्यापाऱ्याचं, ते या सौद्यात नाही.
3 एकरांत 18 बाय 18 वर लावलेली, जंबेरी खुंटावरची 9 वर्षांची झाडं. 380 उभी आहेत. वरच्या धुऱ्याकडच्या दोन ओळींत डिंक्या आहे. येऊन बघा, आम्ही झाकत नाही. उरलेल्या 20 गुंठ्यांत विहीर, बोअर आणि गोठा. ठिबक चालू. उन्हाळ्यात विहीर आटते, भिस्त बोअरवरच. पांधण रस्ता आहे, पण पावसाळ्यात ट्रॅक्टरशिवाय जाऊ नका.
भोगवटादार वर्ग 1, सातबारा कोरा. घेणारा शेतकरी हवा. स्वतःचा सातबारा आणा. मोजणी खरेदीआधी, खर्च मालकाचा.

कोरडवाहू वावर, पुसला रोड – इसार झाला
ताजी नोंद : 5 नोव्हेंबर, संध्याकाळी 6.40
2 एकर काळी, सध्या कपाशी-तूर. दर आता दाखवत नाही. खरेदीची मुदत 5 डिसेंबर. खरेदी लागली की पोस्ट निघेल, इसार मोडला तर त्याच दराने पुन्हा उघडेल. तोवर दुसऱ्याचा इसार घेणार नाही. नाव-नंबर मात्र लिहून ठेवतो.

एन.ए. प्लॉट, वरुडजवळ – दोनच शिल्लक
ताजी नोंद : 6 नोव्हेंबर, सकाळी 11.25
1500 चौ. फूट, 550 रुपये फूट, म्हणजे 8 लाख 25 हजार. कोपऱ्याचा आज सकाळी गेला. उरलेले दोन्ही पूर्वमुखी. रस्ता मुरमाचा, नाली व्हायची आहे. अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा ऑफिसात बघायला मिळेल. हा दर दोन्ही प्लॉटला सारखाच, घासाघीस नको.

जुनं घर, लोणी गावठाण – दर तोच
ताजी नोंद : 2 नोव्हेंबर, दुपारी 1.05
900 चौ. फूट जागा, मातीच्या भिंती, कवेलू, मागे आड. 6 लाख 40 हजार. सातबारा मागू नका. गावठाणातलं घर आहे, ग्रामपंचायतीचा नमुना 8 मिळेल. त्यावर तीन भावांची नावं आहेत आणि तिघंही सहीला येणार, ते आधीच कबूल करून घेतलंय. घर बघायचं तर रविवारी. मधला भाऊ अमरावतीहून किल्ली घेऊन येतो.