बडोद्यातील एका वाचनालयाची देवघेव वही : लेख विचारार्थ

बडोदा, १२ ऑगस्ट २०२४

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘हस्ते दिलेली पुस्तके : बडोद्यातील एका मराठी वाचनालयाची देवघेव वही, १९१२–१९१७’ हा लेख आपल्या त्रैमासिकासाठी पाठवत आहे.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावले, पुढे पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण या विषयावरचे जे लेखन मी वाचले, ते मुख्यतः संस्थानच्या अहवालांवर उभे आहे. पुस्तके कोणी दिली ते त्यातून कळते. घरी कोणी नेली ते फारसे कळत नाही. दांडिया बाजार भागातल्या एका लहान खाजगी वाचनालयाची वही एका कुटुंबाच्या माळ्यावर सापडली. तिच्यात तेवढे दिसते. सुरुवातीच्या नोंदी मोडीत आहेत, नंतरच्या बाळबोधीत.

लेखाचा मुद्दा एकच आहे. काही खाती बायकांच्या नावावर आहेत, पण पुस्तक न्यायला आलेला मुलगा, दीर किंवा गडी असल्यामुळे पुढे ‘हस्ते’ अमुक असे लिहिले आहे. सह्या पाहून वाचक मोजले तर या बायका गळतात. खाती पाहून मोजले तर दिसतात. नेमके आकडे दुसऱ्या तक्त्यात आहेत.

‘बडोद्यातील स्त्रियांचे वाचन’ असे भारदस्त शीर्षक देण्याचा मोह होता. तो आवरला, कारण पुराव्याला तेवढे वजन पेलणार नाही. वही एकाच पेठेतली, एकाच वाचनालयाची. पहिली काही पाने वाळवीने खाल्ली आहेत. शिवाय खाते बाईचे असले तरी कादंबरी तिनेच वाचली, की खात्याच्या आडून घरातल्या दुसऱ्याच कोणी, हे वही सांगत नाही. १९०६ पासून संस्थानभर लागू झालेल्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाशी या खात्यांचा संबंध असू शकेल. मी तो सुचवला आहे, सिद्ध केलेला नाही. परीक्षकांना ते वाक्यही जास्तीचे वाटले तर काढायला माझी हरकत नाही. ‘हस्ते’ नोंदींच्या वाचनाबाबत मात्र मी ठाम आहे. शंकास्पद मोडी शब्द दुसऱ्या जाणकाराकडून स्वतंत्रपणे वाचून घेतले. मतभेद राहिले ते तळटीपांत दिले आहेत. त्या जाणकारांचे नाव ऋणनिर्देशात आहे, म्हणून कृपया त्यांना परीक्षक नेमू नये.

वहीच्या दोन पानांची छायाचित्रे छापायला मालक कुटुंबाची लेखी परवानगी आहे. खातेदारांचे वंशज याच शहरात राहतात, त्यामुळे लेखात नावांऐवजी क्रमांक वापरले आहेत. छायाचित्रांतली नावेही झाकली आहेत. लेख इतरत्र छापलेला नाही, सध्या दुसरीकडे विचाराधीनही नाही. लांबी आपल्या मर्यादेत आहे. कापायची वेळ आली तर ग्रंथालय चळवळीची पार्श्वभूमी कापावी, तक्ते राहू द्यावेत.

कळावे,
आपली विश्वासू,
मृणाल सबनीस