तक्काळि किलो एव्ळो? : तमिळ भाजीबाजाराचा संवाद-सराव

हा सराव चेन्नईत नव्याने राहायला आलेल्या आणि तमिळ अजिबात न येणाऱ्या मराठी माणसासाठी आहे. प्रसंग मैलापूरचा आहे. कपालीश्वर मंदिराजवळच्या तेर्कु माड वीथीवर, म्हणजे दक्षिणेकडच्या माड रस्त्यावर, सकाळी भाजीवाल्या बसतात. मुक्ता साताऱ्याहून नोकरीसाठी आली असून मंदिराजवळच खोली घेऊन राहते. आज ती पहिल्यांदाच एकटीने भाजी घ्यायला निघाली आहे. भाजीवाली पन्नाशीची आहे आणि मुक्ता तिला ‘अक्का’ म्हणते, कारण वयाने मोठ्या बाईला तमिळमध्ये असेच म्हणतात. आपल्याकडेही थोरल्या बहिणीला अक्का म्हणण्याची पद्धत असल्यामुळे हा शब्द शिकवावा लागत नाही. विक्रेता पुरुष असेल, तर त्याला ‘अण्णा’ म्हणावे.

दोघांनी समोरासमोर बसावे. एकाने मुक्ता व्हावे, दुसऱ्याने अक्का. मधे खरी भाजी ठेवता आली तर उत्तम, नाहीतर कागदाच्या चिठ्ठ्यांवर भाव लिहून ठेवावेत. पहिल्या फेरीत पाहून वाचण्यास हरकत नाही, पण दुसऱ्या फेरीत मुक्ताने कागद उलटा ठेवावा.

उच्चाराविषयी थोडेसे सांगतो. ‘एन्न’, ‘एव्ळो’ यांतला पहिला ए आणि ‘कोंजम्’, ‘रोंब’ यांतला ओ आखूड म्हणायचा. ‘वेणुम्’, ‘वेण्डाम्’, ‘पोदुम्’ यांत मात्र तो लांब आहे. ‘ऴ’ या अक्षरासाठी जीभ मागे वळवावी, पण टाळूला टेकवू नये. ते जमेपर्यंत आपला ‘ळ’ वापरला तरी बाजारात कोणी अडवत नाही.

पहिला भाग : भाव विचारणे

अक्का : वांग म्मा, एन्न वेणुम्?
(या बाई, काय हवे?)

मुक्ता : अक्का, तक्काळि किलो एव्ळो?
(अक्का, टोमॅटो किलोला कितीला?)

अक्का : किलो नाप्पदु रूबा.
(किलोला चाळीस रुपये.)

मुक्ता : रोंब जास्ति क्का. मुप्पत्तंजुक्कु कुडुंग.
(फार जास्त होतात, अक्का. पस्तिसाला द्या.)

अक्का : कट्टुपडि आगादु म्मा. रेण्डु किलो वांगिक्कोंग, एऴुबत्तंजु कुडुंग.
(परवडत नाही हो. दोन किलो घ्या, पंचाहत्तर द्या.)

मुक्ता : रेण्डु किलो वेण्डाम्. ओरु किलो पोदुम्. नाने पोरुक्किक्कलामा?
(दोन किलो नको. एक किलो पुरे. मीच निवडून घेऊ का?)

अक्का : पोरुक्किक्कोंग.
(घ्या निवडून.)

‘वांग’ ऐकल्याबरोबर मराठी कानाला वांगी आठवतात आणि नवखा माणूस हटकून वांग्यांच्या टोपलीकडे पाहतो. ‘वांग’ म्हणजे ‘या’, आणि ‘वांगिक्कोंग’ म्हणजे ‘विकत घ्या’. वांग्याला ‘कत्तरिक्काय्’ म्हणतात. नावाच्या शेवटी येणाऱ्या ‘काय्’मुळे अक्का आपल्यालाच ‘काय?’ असे विचारते आहे, असेही काही दिवस वाटत राहते. प्रत्यक्षात ‘काय्’ म्हणजे न पिकलेले फळ. वेण्डैक्काय् ही भेंडी, मुरुंगैक्काय् ही शेवग्याची शेंग, पुडलंगाय् हे पडवळ आणि पीर्क्कंगाय् हा दोडका. बोलताना शेवटचा ‘य्’ बहुधा गळतो आणि ‘कत्तरिक्का’, ‘मुरुंगक्का’ एवढेच ऐकू येते. पिकलेले फळ मात्र ‘पऴम्’, म्हणून कच्चे केळे ‘वाऴैक्काय्’ आणि पिकलेले ‘वाऴैप्पऴम्’. जमिनीखालचा कंद तो ‘किऴंगु’. बटाट्याचे ‘उरुळैक्किऴंगु’ हे लांबलचक नाव तुकडे करून म्हटले की सोपे होते.

भाव करताना मराठीचाच हात धरावा, हिंदीतून विचार करू नये, असे माझे ठाम मत आहे. ‘वेण्डाम्’ आणि ‘इल्लै’ यांत जो फरक आहे, तो आपल्या ‘नको’ आणि ‘नाही’ यांत आधीपासून आहे. हिंदीत त्या दोन्हींसाठी बहुतेक वेळा ‘नहीं’च वापरावे लागते. ‘मुप्पत्तंजुक्कु’ यातला शेवटचा ‘क्कु’ म्हणजे पस्तिसाला यातला ‘ला’. ‘एनक्कु वेण्डैक्काय् वेणुम्’ हे वाक्य ‘मला भेंडी हवी’ याच क्रमाने चालते. ‘जास्ति’ तर आपलाच शब्द वाटावा इतका ओळखीचा आहे.

दुसरा भाग : वजन आणि पारख

मुक्ता : कत्तरिक्काय् एव्ळो?
(वांगी कशी दिली?)

अक्का : किलो अरुबदु.
(किलोला साठ.)

मुक्ता : कत्तरिक्कायिल पुऴु इरुक्कुमा?
(वांग्यात कीड असेल का?)

अक्का : इल्ल म्मा, इन्निक्कु कालैल वंददु.
(नाही हो, आज सकाळीच आली आहेत.)

मुक्ता : अरै किलो पोडुंग. काल् किलो चिन्न वेंगायम् कुडुंग.
(अर्धा किलो घाला. पाव किलो छोटे कांदे द्या.)

अक्का : वेंगायम् इरुबदु रूबा.
(कांद्याचे वीस रुपये.)

मुक्ता : मुरुंगक्का ओण्णु एव्ळो?
(शेवग्याची शेंग एक कितीला?)

अक्का : ओण्णु पत्तु रूबा. मूणु इरुबत्तंजु.
(एक दहा रुपयांना. तीन पंचवीसला.)

मुक्ता : सरि, मूणु कुडुंग. इदु एन्न कीरै?
(बरं, तीन द्या. ही कोणती पालेभाजी?)

अक्का : इदु अरैक्कीरै. ओरु कट्टु पदिनंजु.
(ही अरैक्कीरै. एक जुडी पंधराला.)

मुक्ता : ओरु कट्टु कुडुंग.
(एक जुडी द्या.)

‘काल्’ म्हणजे पाव. तमिळमध्ये पायालाही ‘काल्’ म्हणतात, आणि आपला ‘पाव’ हा शब्दसुद्धा ‘पाद’ म्हणजे पाय या शब्दातूनच आला आहे. दोन्ही भाषांनी चौथ्या हिश्शाला पायाचे नाव दिले, हे एकदा लक्षात आले की ‘काल् किलो’ विसरता येत नाही. अर्ध्याला ‘अरै’ आणि पाऊणला ‘मुक्काल्’ म्हणतात. ‘मू’ म्हणजे तीन, म्हणून मुक्काल् म्हणजे तीन पाव. पालेभाजीचे नाव अरैक्कीरै असले, तरी जुडी पूर्ण मिळते, अर्धी नव्हे. ‘चिन्न वेंगायम्’ म्हणजे सांबारात अख्खे टाकायचे छोटे लालसर कांदे. ते सोलताना डोळ्यांतून पाणी येते आणि वेळही बराच जातो, म्हणून पहिल्या दिवशी पाव किलोच्या वर घेऊ नयेत.

आता आकडे. हा सगळ्यांत अवघड भाग आहे आणि इथे सरावाला पर्याय नाही. बोलायला आकडे लवकर येतात, पण ऐकताना सगळी घाई होते. एक ते दहा असे : ओण्णु, रेण्डु, मूणु, नालु, अंजु, आरु, एऴु, एट्टु, ओंबदु, पत्तु. दहांच्या पटीत वीस ‘इरुबदु’, तीस ‘मुप्पदु’, चाळीस ‘नाप्पदु’, पन्नास ‘अंबदु’, साठ ‘अरुबदु’, सत्तर ‘एऴुबदु’, ऐंशी ‘एंबदु’. मग नव्वद ‘तोण्णूरु’ आणि शंभर ‘नूरु’. तोण्णूरुमधला ‘नूरु’ तेवढा कानात राहतो आणि आपण शंभर समजून बसतो. माझी फजिती मात्र इरुबदु आणि अरुबदु यांत झाली होती. वीस रुपयांच्या कोथिंबीर-मिरचीसाठी मी साठ रुपये पुढे केले. त्या बाईने माझ्या हातातल्या नोटांतून फक्त वीसची ओढून घेतली, उरलेल्या नोटा माझ्या मुठीत परत दाबल्या आणि ‘इ-रु-ब-दु’ असे एकेक अक्षर सोडवून म्हटले. तेव्हापासून मी आकडा ऐकला की लगेच तोच मोठ्याने परत म्हणतो. सरावातही मुक्ताने प्रत्येक भाव एकदा उलट म्हणावा. चूक असेल, तर अक्का ती दुरुस्त करील.

तिसरा भाग : हिशेब

इथे अक्काची भूमिका करणाऱ्याने मुद्दाम चूक करायची आहे. खरी बेरीज एकशे तीस होते : टोमॅटोचे चाळीस, वांग्यांचे तीस, कांद्याचे वीस, शेंगांचे पंचवीस आणि पालेभाजीचे पंधरा. मुक्ताने ती मनात मराठीतच करावी आणि शेवटचा आकडा तेवढा तमिळमध्ये आणावा.

अक्का : वेर एदावदु वेणुमा?
(आणखी काही हवे का?)

मुक्ता : पोदुम् क्का. मोत्तमा एव्ळो आच्चु?
(पुरे, अक्का. सगळे मिळून किती झाले?)

अक्का : नूत्ति नाप्पदु.
(एकशे चाळीस.)

मुक्ता : नूत्ति मुप्पदु ताने क्का?
(एकशे तीसच ना, अक्का?)

अक्का : आमा म्मा, नूत्ति मुप्पदु तान्. पै इरुक्का?
(हो की, एकशे तीसच. पिशवी आहे का?)

मुक्ता : इरुक्कु.
(आहे.)

(मुक्ता दोनशेची नोट पुढे करते.)

अक्का : चिल्लरै इल्लैया?
(सुटे नाहीत का?)

मुक्ता : इल्ल क्का. जीपे पण्णलामा?
(नाहीत, अक्का. जीपे करू का?)

अक्का : पण्णुंग.
(करा.)

‘ताने’ हा आपल्या ‘च ना’सारखा आहे. त्यात आरोप नसतो, म्हणून चूक दाखवताना तोच वापरावा. ‘तप्पु’, म्हणजे ‘चूक’, हा शब्द ठाऊक असला तरी इथे टाळलेला बरा. पिशवी घरूनच न्यावी. तमिळनाडूत 1 जानेवारी 2019 पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आहे, आणि 2021 च्या डिसेंबरात सरकारने कापडी पिवळी पिशवी पुन्हा वापरात आणण्याची मोहीम सुरू केली. त्या पिशवीला ‘मंजप्पै’ म्हणतात : ‘मंजळ्’ म्हणजे पिवळा रंग आणि हळदही, ‘पै’ म्हणजे पिशवी. मराठी माणसाने ‘पै इरुक्का’ ऐकून खिशात पैसे चाचपू नयेत.

चौथा भाग : निरोप

पैसे दिल्यानंतरच कढीपत्ता मागायचा, आधी नाही. आधी मागितला तर तो सौद्यात मोजला जातो, नंतर मागितला तर मूठभर सहज मिळतो. मोठ्या खरेदीनंतर एवढे मागणे कोणाला वावगे वाटत नाही. एका लिंबासाठी थांबून फुकट कढीपत्ता मागणे मात्र शोभत नाही.

मुक्ता : कोंजम् करुवेप्पिलै पोडुंग क्का.
(थोडा कढीपत्ता घाला ना, अक्का.)

(अक्का दोन डहाळ्या मोडून पिशवीत शेंगांच्या शेजारी खोचते.)

मुक्ता : पोयिट्टु वरेन् क्का.
(येते, अक्का.)

अक्का : पोयिट्टु वांग म्मा.
(या बाई.)

‘पोयिट्टु वरेन्’ याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येते’. निघताना नुसते ‘पोरेन्’, म्हणजे ‘जाते’, म्हटले तर अक्काला ते तितकेच खटकेल, जितके आपल्या आजीला उंबऱ्यावर ‘जाते’ हा शब्द खटकतो. दुसऱ्या फेरीत भूमिका बदलाव्यात, टोमॅटोचा भाव पन्नास करावा, आणि नव्या अक्काने हिशेबात या वेळी चूक मुक्ताच्या बाजूने करावी, म्हणजे दहा रुपये कमी सांगावेत. तेव्हाही मुक्ताने ‘ताने क्का?’ म्हणून खरा आकडा सांगायचा आहे.