विषय: पीएचडी अर्जांसाठी शिफारसपत्राची विनंती

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

भूजलशास्त्रात पीएचडीसाठी मी अमेरिकेतल्या ३ आणि नेदरलँड्समधल्या १ विद्यापीठात अर्ज करत आहे. आपण शिफारसपत्र द्याल का? पहिली मुदत १५ डिसेंबर आहे. पत्र अपलोड करायची लिंक विद्यापीठाकडून थेट आपल्या ईमेलवर येईल.

मे महिन्यात सासवडजवळच्या विहिरी मोजताना माझ्या ७ नोंदी चुकल्या होत्या. आपण रागावला नाहीत, भर उन्हात टेप घेऊन माझ्यासोबत पुन्हा काठावर बसलात. बेसाल्टच्या भेगांतून पाणी कसं मुरतं, ते मला तिथे खरं कळलं. माझं काम आपल्याइतकं जवळून कुणीच पाहिलेलं नाही.

सीव्ही, गुणपत्रिका आणि प्रबंधाचा गोषवारा सोबत जोडला आहे. वेळ नसेल तर निःसंकोच कळवा.

आपली विद्यार्थिनी,
मृणाल
एमएस्सी भूशास्त्र, दुसरं वर्ष